दोन ट्रॅप आणि एक ओली खिडकी

त्या उन्हाळ्यात ऊन असं पडलं होतं की गच्चीवर बसणारी कबुतरं एका पायावर उभी राहायची आणि दर मिनिटाला पाय बदलायची. तळमजल्यावरच्या दुकानदाराने मेणबत्त्या विकायच्याच बंद केल्या, कारण गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत पिशवीत नुसती वातच उरायची. हे खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. पण पुढचं मात्र खरं आहे. त्यातलं निम्मं पाणी माझ्याच डोक्यावर पडलेलं आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक प्लंबर राहतो. त्याला सगळे वायसर म्हणतात. गळक्या नळाखाली याने नुसता हात धरला तर नळ लाजून बंद होतो, अशी त्याची ख्याती. ती त्याने स्वतःच पसरवलेली, पण निम्म्या गावाचे नळ त्याने बसवलेत, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. त्याच्या बायकोला माई म्हणतात. हिवाळ्यात माईंच्या हृदयाने दगा दिला. त्या वाचल्या, पण डॉक्टरांनी बजावलं, "यंदाचा उन्हाळा यांना गार खोलीत काढू द्या. उकाडा यांना झेपायचा नाही." वायसरने आठ दिवसांत एसी घेतला.

एसी बसवणारी दोन माणसं आली, भिंतीला भोक पाडून यंत्र टांगून गेली. एसी खोलीतली हवा गार करतो तेव्हा हवेतली वाफ आतल्या थंड जाळीवर पाणी होऊन बसते. ते पाणी खालच्या ताटलीत पडतं आणि ताटलीतून नळीने बाहेर जातं. दमट दिवसात बादलीभर सहज. त्या दोघांनी नळीचं तोंड भिंतीबाहेर काढून दिलं मोकळं सोडून, आणि गेले चहा प्यायला. ते पाणी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर, म्हणजे नेमकं बाइंडरबाईंच्या कामावर.

बाइंडरबाई जुनी पुस्तकं बांधतात. शाळांची, वाचनालयांची, पानं सुटलेली, पाठ मोडलेली पुस्तकं त्यांच्याकडे रुग्णासारखी भरती होतात. खिडकीपाशी त्यांचं लांब टेबल, आणि खिडकीच्या कट्ट्यावर खळ लावलेले कागद वाळत घातलेले. पहिल्याच दिवशी एका भल्या मोठ्या नकाशाच्या पुस्तकातला एक अख्खा समुद्र खरोखर ओला झाला.

बाइंडरबाई आणि माई तीस वर्षांच्या मैत्रिणी. बाइंडरबाई वर आल्या आणि हसून म्हणाल्या, "वहिनी, तुमचा एसी आमच्याकडे मुतरा निघाला."

माईही हसल्या. वायसर मात्र उभा राहिला. "ताई, उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्या खिडकीवर थेंब पडला तर मी मिशी उतरवीन."

"भाऊजी, मिशी राहू द्या. थेंब तेवढा थांबवा."

दुसऱ्या दिवशी वायसरने पाईप टाकला, आणि खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं. एसीपासून भिंतीच्या कडेकडेने थेट न्हाणीघरापर्यंत चार मीटर पांढरा पाईप, दर हातभर अंतरावर क्लॅम्प. उतार म्हणाल तर मीटरला दोन सेंटीमीटर, पाणसळ लावून मोजलेला. पाईपात कुठे पोट नाही, कुठे उंचवटा नाही. आणि एसीच्या अगदी खाली त्याने एक यू आकाराचं वाकण दिलं. त्याला म्हणतात ट्रॅप. त्या वाकणात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वास वर यायची वाट अडवतं. एक मग पाणी ओतून पाहिलं, पाणी सुळसुळत न्हाणीत पडलं. मग पाईपाचं टोक न्हाणीच्या जाळीतून आत खोल सरकवलं, भोवती सिमेंट लावलं आणि हात झटकले.

आणि तरी बाइंडरबाईंच्या खिडकीवर पाणी पडतच राहिलं.

तीन दिवसांत दोन पुस्तकं गेली. बाइंडरबाई वर आल्या तेव्हा हसत नव्हत्या. वायसरने आतली भिंत दाखवली. ठाक कोरडी. पाईप दाखवला, देखणा. "ताई, माझ्या पाईपाच्या जोडाला सुद्धा घाम फुटत नाही. तुमच्या खिडकीची भिंतच ओल धरते."

"माझी भिंत? भाऊजी, तीस वर्षं ती भिंत कोरडी होती. तुमचा एसी आला आणि तिला अचानक रडू फुटलं होय?"

बोलण्यातून बोलणं वाढलं. खिडकीखालून जाताना माझ्याही टाळूवर एकदा टपकलं. मी वर बघून दोन शब्द बोललो, ते सोडून देऊ. बाइंडरबाईंनी शेवटी समितीकडे तक्रार केली. सेक्रेटरीने चिठ्ठी आणून दिली: रविवारी दुपारी पाहणी होईल. तोवर पाणी थांबलं नाही तर एसी बंद, आणि भिंतीवरचं बाहेरचं यंत्र उतरवायचं.

चिठ्ठी वाचल्यावर वायसरने मानीपणाने स्वतःच एसी बंद केला. दुपारी तीनला माई पाणी प्यायला उठल्या आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. ओठ पांढरे झाले होते. वायसरने एसी पुन्हा लावला, आणि खिडकीखाली पुन्हा टप टप सुरू झालं. लावावा तर खाली पुस्तकं भिजतात, बंद करावा तर घरात माई घाबऱ्या होतात, अशी कात्री.

गुरुवारी त्यांची मुलगी आली. ती एसीची मिस्त्रीण. तीन महिने दुसऱ्या गावात एका मोठ्या इस्पितळाच्या कामावर होती. खांद्याला हत्यारांची पिशवी, चपला दारात, आणि पहिला प्रश्न: "आई, पाय का सुजलेत तुझे?"

"सुजले नाहीत, जाड झालेत. तुझा बाप मला हलू देत नाही."

सगळं ऐकल्यावर तिने पाईपाकडे पाहिलं, मग बापाकडे. "बाबा, हात लावू का?"

"लाव की. पण पाईपाला नको," वायसर म्हणाला. "तू गॅस बघ, पंखा बघ. पाणी माझं खातं आहे. चाळीस वर्षं झाली. पाण्याने मला आजवर खोटं पाडलं नाही."

बापाशी भांडायची मिस्त्रिणीची रीत वेगळी होती. ती जिना उतरून बाइंडरबाईंकडे गेली.

बाइंडरबाई सुईत दोरा ओवत होत्या. मिस्त्रीण लहानपणी याच टेबलाखाली बसून कागदाच्या कातरणांच्या माळा करायची. "ये," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, वर न बघता, "तुझ्या आईला सांग, तक्रार मी पाण्याची केली, तिची नाही. तिला बरं वाटतंय का?"

"तुम्हीच विचारा ना मावशी. एक जिना तर आहे."

"तो जिना फार उंच झालाय गं."

मिस्त्रीण खिडकीतून बाहेर वाकली. वर भिंतीतून एसीच्या तांब्याच्या नळ्या बाहेर येत होत्या, त्यांच्या काळ्या वेष्टनावरून पाणी ओघळत होतं आणि खालच्या कट्ट्यावर पडत होतं. नळीच्या तोंडातून नाही, भोकातून. "दिवसभर असंच पडतं?"

"पडतं तसं दिवसभर. पण मुसळधार हवं असेल तर सकाळी ये. तुमच्याकडे आंघोळी सुरू झाल्या की माझ्याकडे पाऊस. आंघोळ तुझा बाप करतो आणि भिजते मी! गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच. तो गाणं म्हणायला लागला की मी कागद उचलते."

मिस्त्रीण खिडकीतून आत आली ती हसतच. "मावशी, हे तुम्ही बाबांना सांगितलं होतंत?"

"सांगितलं. म्हणाले, आता माझ्या आंघोळीवरही समिती बसवा."

मिस्त्रीण वर आली, न्हाणीघरात गेली, गुडघ्यावर बसली आणि जाळीतून आत बॅटरी मारली. पाईपाचं टोक जाळीखालच्या पाण्यात बुडालेलं होतं. न्हाणीलाही तिचा स्वतःचा ट्रॅप असतोच. त्यात कायम पाणी असतं, म्हणून तर न्हाणीघराला गटाराचा वास येत नाही. म्हणजे पाईपाच्या एका टोकाला वायसरच्या यू ट्रॅपचं पाणी, दुसऱ्या टोकाला न्हाणीचं पाणी, आणि मधे चार मीटर हवा कोंडलेली. ती हवा ना पुढे जाऊ शकत, ना मागे. एसीचं पाणी थेंबाथेंबाने येतं, त्या हवेला ढकलून बाहेर काढायचं बळ त्यात कुठून असणार? मग पाणी ताटलीतच तुंबतं. ताटली भरली की मागच्या कडेवरून सांडतं आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर. ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायची पद्धतच असते, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. म्हणून आतली भिंत कोरडी, आणि वायसरची छाती फुगलेली. आंघोळीच्या वेळी न्हाणीत पाणी चढतं, पाईपाचं टोक आणखी बुडतं, आणि ताटली आणखी सांडते. वायसरने मगभर पाणी ओतून पाहिलं होतं, पण टोक आत सरकवायच्या आधी!

ही चूक प्लंबरच करू शकतो. दुसऱ्या कुणाला दोन ट्रॅप लावायचं सुचलंच नसतं.

आता हे बापाला सांगायचं कसं? शुक्रवारभर तिने विचार केला. शनिवारी सकाळी ती अंगणात गेली आणि वायसरची पाणी-लेव्हलची नळी घेऊन बसली. ही दहा मीटर पारदर्शक नळी म्हणजे वायसरचा जीव की प्राण. दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण करायला तो ती वापरतो, आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर तीन दिवस अबोला धरतो.

"ए! माझी नळी!" वरून आरोळी आली, पाठोपाठ चपलांचा आवाज.

"तुमचीच आहे बाबा. जरा हे नरसाळं धरा." तिने नळीच्या एका तोंडाला नरसाळं बसवलं, त्याच्या लगेच खाली नळीला यू आकाराचं वाकण देऊन दोरीने बांधलं, आणि त्यात पाणी भरलं. "हा तुमचा ट्रॅप. बरोबर?"

"बरोबर."

नळीचं दुसरं तोंड तिने पाण्याने भरलेल्या बादलीत वीतभर खोल बुडवलं. "ही आपली न्हाणी. आता हळूहळू ओता. एसी ओततो तसं."

वायसरने तांब्यातून धार धरली. पाणी नरसाळ्यात चढलं. चढलं आणि थांबलं. उतार भरपूर होता, बादली खाली होती, नळी स्वच्छ होती, आणि पाणी नरसाळ्यात ढिम्म उभं. वायसरने आणखी ओतलं. नरसाळं भरून वाहिलं आणि त्याच्या पायांवर सांडलं.

बायका गॅलरीत आल्या होत्या. मी अंगणातल्या माझ्या खुर्चीत होतो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बाइंडरबाई हातात सुई घेऊन उभ्या होत्या. वायसर त्या थांबलेल्या पाण्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षं ज्या पाण्याने त्याला खोटं पाडलं नव्हतं, ते त्याच्या स्वतःच्या नळीत, भर अंगणात, हटून बसलं होतं.

मिस्त्रिणीने काहीही सांगितलं नाही. तेवढी अक्कल तिला आईकडून आली होती.

वायसर वाकला. त्याने बादलीतलं नळीचं तोंड हातात धरलं आणि हळूच पाण्याबाहेर काढलं. गुळकन आवाज झाला, आणि नरसाळ्यातलं पाणी झरझर उतरून धारेने बादलीत पडलं. त्याने तोंड परत बुडवलं, नरसाळं पुन्हा भरलं. पाणी थांबलं. पुन्हा काढलं. पाणी गेलं. असं पाच वेळा. मग तो उभा राहिला, आणि आधी मुलीकडे नाही, वर खिडकीकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, आवाज नेहमीपेक्षा अर्धाच, "तुमच्या भिंतीची मी माफी मागतो."

"भिंत काही बोलली नाही हो," बाइंडरबाई म्हणाल्या, "पण ऐकतेय."

लगेच वायसर करवत घेऊन न्हाणीघरात शिरला. मिस्त्रीण मदतीला गेली तर म्हणाला, "पाईप माझा, कापणार मी. तू फक्त कुठे ते सांग."

"जाळीच्या वर तीन बोटं. टोक मोकळ्या हवेत राहिलं पाहिजे."

"आणि वास आला तर?"

"तो अडवायला न्हाणीचा ट्रॅप आहे ना. तिथे रोज आंघोळीचं पाणी पडतं, तो कधी सुकत नाही. तुमचा वरचा ट्रॅप मात्र हिवाळ्यात, एसी बंद असताना, सुकून खडखडीत झाला असता. मग काय अडवणार? शिवाय त्या वाकणात शेवाळासारखी बुळबुळ साठते. या भिंतीवरच्या एसीला त्याची गरजच नाही."

"म्हणजे वरचा पण काढू?" वायसरच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू कुणी दात उपटायला सांगितला.

"काढा. पण उतार तसाच ठेवा बाबा. इस्पितळात चार इंजिनियर होते, त्यांच्यातल्या एकालाही इतका सरळ उतार जमला नव्हता."

वायसरने नुसतं "हं" केलं. पण त्यानंतर त्याने जो ट्रॅप कापला तो शिट्टी वाजवत कापला. ट्रॅपच्या जागी सरळ तुकडा बसवला. मिस्त्रिणीने सगळ्या पाईपावर फोमचं वेष्टन चढवलं, कारण आतलं पाणी गार असतं आणि उघड्या पाईपावर बाहेरून घाम धरतो, तोही कुठेतरी टपकतोच. एसीची ताटली धुतली. बाहेरचं भोक नळ्यांभोवती पुट्टीने बंद केलं. मग वायसरने ताटलीत मगभर पाणी ओतलं आणि न्हाणीत उकिडवा बसून टोकाखाली हात धरला. या वेळी सगळं जिथल्या तिथे लागल्यावर.

"आलं!" तो ओरडला. "आलं गं! गार आहे!"

रविवारी बारा वाजता सेक्रेटरी आला तो छत्री उघडूनच. कुणी म्हणेल, घरात छत्री? पण मागच्या वेळी बाइंडरबाईंच्या खिडकीतून वर बघताना त्याच्या चष्म्यावर थेंब पडला होता, तेव्हापासून तो या इमारतीतल्या कशावरच विश्वास ठेवत नव्हता. त्या दिवशी हवा इतकी दमट होती की मीठ डब्यातून ओतावं लागत होतं. एसी पहाटेपासून चालू होता. मिस्त्रीण आणि सेक्रेटरी खाली खिडकीपाशी उभे राहिले. बाइंडरबाई कट्ट्यावर हात ठेवून बसल्या. माईंना वर खिडकीपाशीच्या पलंगावरून हलायची बंदी, म्हणून त्यांनी खिडकीतून विचारलं, "सुरू करायचं का?"

"कर!" मिस्त्रीण ओरडली.

वायसर आंघोळीला गेला. एकदा नाही, लागोपाठ तीनदा. तिन्ही वेळा गाण्यासकट. त्याचं गाणं असं आहे की ते ऐकून शेजारच्या इमारतीतला कुत्रा स्वतःहून पट्टा घालून घेतो. पहिल्या आंघोळीला सेक्रेटरीने छत्री घट्ट धरली. दुसऱ्या आंघोळीला त्याने ती खांद्यावर टेकवली. तिसऱ्या आंघोळीचं शेवटचं कडवं चालू असताना बाइंडरबाईंनी कट्ट्यावरून तळहात फिरवला, हात उलटून बघितला, आणि टेबलाकडे वळल्या. तिथून त्यांनी खळ लावलेला एक कागद उचलला. त्या नकाशाच्या पुस्तकातला भिजलेला समुद्र होता तो. आठवडाभर खपून त्यांनी त्याला मागून पातळ कागद चिकटवून पुन्हा उभा केला होता. तो त्यांनी उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर, भोकाच्या बरोब्बर खाली, वाळत घातला.

सेक्रेटरीने छत्री मिटली.

"चिठ्ठीचं काय करू?" त्याने विचारलं.

"द्या इकडे," बाइंडरबाई म्हणाल्या. "कागद चांगला आहे. कुठल्या तरी पुस्तकाच्या पुठ्ठ्यात जाईल."

दुपारी तीनच्या सुमाराला, ज्या वेळी माई चौकटीला धरून बसल्या होत्या त्याच वेळी, बाइंडरबाई जिना चढून वर आल्या. काखेत शिवायची पुस्तकं, हातात सुई, मागे घरचं स्टूल ओढत. दारात थांबून म्हणाल्या, "वहिनी, खाली फार उकडतंय. तुमच्या पाण्याने मी इतके दिवस भिजले, आता तुमच्या गारव्यावर माझा हक्क आहे."

"या की. पण खळ आणू नका, पलंगाला चिकटेन मी."

"मग तर आणतेच. डॉक्टरांनी हलू नका सांगितलंय ना?"

माई इतक्या हसल्या की मिस्त्रिणीने धावत येऊन त्यांची नाडी बघितली. नाडी ठीक होती.

अजूनही रोज दुपारी त्या दोघी तिथे बसतात. महिन्यातून एकदा मिस्त्रीण येते, ताटलीत कोमट पाणी ओतते, पाईपातली बुळबुळ धुऊन निघते. आणि वायसर? तो न्हाणीघराच्या दारात स्टुलावर बसून त्या टोकाची टप टप ऐकतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की पाईपाचं टोक नेहमी पाण्याच्या वर मोकळं ठेवावं, हे त्याने चाळीस वर्षांपूर्वीच शोधून काढलं होतं.

"मग मधे दोन ट्रॅप कुणी लावले होते?" मी एकदा विचारलं.

"ते?" वायसर म्हणाला. "पोरगी तीन महिने घरी आली नव्हती. काहीतरी निमित्त नको का?"

आत माई आणि बाइंडरबाई दोघी एकदम थांबल्या. मग सुईचा आवाज पुन्हा सुरू झाला. माझ्या डोक्यावर आता पाणी पडत नाही, तेवढं मला पुरे.